छाप नसलेलं रील

हुबळीच्या दाजीबानपेठेत मिरजकरांचं कापडदुकान आहे. त्यातलं डाव्या हाताचं तिसरं कपाट आषाढापासून सुलभाचं झालं होतं. सुलभाचं म्हणजे नावावर नव्हे. दुकान सासऱ्यांचं, तेव्हा कपाटही सासऱ्यांचंच. पण पूर्वी त्यात शाळेच्या गणवेशाचं कापड असायचं आणि आता गुळेदगुड्डच्या खणाच्या साठ साड्या होत्या. त्या आणायचा हट्ट सुलभाचा होता.

सासरे, म्हणजे गणपत मिरजकर, ज्यांना सगळी पेठ अप्पा म्हणते, त्यांनी हट्ट पुरवला, पण मुदत घालून.

"दसऱ्यापर्यंत बघ. विकल्या तर कपाट तुझं. नाही विकल्या तर गुरुराजचं गणवेशाचं कापड परत आत, आणि तू परत वर."

वर म्हणजे दुकानाच्या माळ्यावर. तिथं बसून सुलभानं अकरा वर्षं लोकांच्या साड्यांना फॉल लावले होते. माळ्यावर उभं राहिलं की डोकं पंख्याला लागायचं, म्हणून पंखा काढला होता. खाली गादीवर बसल्यापासून तिला कळलं होतं की गिऱ्हाइकाला चेहरा असतो. माळ्यावरून फक्त भांग दिसायचे.

दसऱ्याला तीन आठवडे उरले, तेव्हा साठांतल्या आठ साड्या गेल्या होत्या. त्यातल्या दोन नणंदेनं नेल्या होत्या. त्या विकल्या म्हणायच्या की गेल्या म्हणायच्या, यावर घरात एकमत नव्हतं.

अशात मंगळवारी बेंगळूरच्या एका पेजचा मेसेज आला. हातमागाच्या साड्यांचं मोठं पेज, बघणाऱ्या बायका लाखांनी. दर शुक्रवारी ते एका छोट्या दुकानाचं रील फुकट दाखवायचे. सुलभानं श्रावणात अर्ज केला होता आणि केल्याचं कुणाला सांगितलं नव्हतं. आता नंबर लागला होता. अटी चार होत्या. रील उभं असावं, तीस सेकंदांच्या आत. १०८० मध्ये असावं, म्हणजे मोठ्या फोनवरही कापडाचं सूत न् सूत दिसेल इतकं स्वच्छ. त्यावर कुठल्याही अॅपचं नाव किंवा चिन्ह नसावं. आणि गुरुवारी संध्याकाळी सहाच्या आत मेलनं यावं.

सुलभानं हे नणंदेला फोन करून सांगितलं. नणंद स्वाती धारवाडला केलगेरीत राहते, मेंदी काढते आणि मेंदीची रीलं टाकते, त्यामुळे घरात या विषयाचा शेवटचा शब्द तिचा असतो.

"वहिनी, त्यात काय एवढं? ते कात्रीचं चिन्ह असलेलं अॅप घ्या. टेम्प्लेट निवडा, क्लिपा टाका आणि मोकळ्या व्हा. मी तर दोन मिनिटांत करते."

"तुझ्या रीलांवर खाली कोपऱ्यात त्याचं नाव येतं की गं."

"येतं की. कोण बघतंय कोपऱ्यात?"

"पेजवाले बघतात म्हणे."

"मग जांभळं अॅप घ्या. नाहीतर ते हिरवं आहे, पण ते नका घेऊ. ते आजीबाईंचं आहे. त्यात टेम्प्लेटच नाही."

अप्पा गादीवर बसून ऐकत होते. फोन संपल्यावर त्यांनी चष्मा काढून पुसला. त्यांचं मत तयार झालं की ते चष्मा पुसतात.

"तीन मिलचा माल आहे ना? मग एकीवर भरवसा कशाला? सॅम्पल मागव. तिघांचं. कापड एकच, उजेड एकच. शेजारी शेजारी ठेव आणि बघ. मी चाळीस वर्षं असंच करायलोय."

अप्पांना मोबाइलमधलं फार कळत नव्हतं, पण ही गोष्ट त्यांनी बरोबर सांगितली होती. तुलना करायची तर बाकी सगळं सारखं ठेवावं लागतं, नाहीतर आपण काय तोलतोय तेच कळत नाही. बुधवारी सुलभानं एक मरून साडी काढली, दाराजवळच्या उजेडात तिच्या क्लिपा घेतल्या आणि त्याच क्लिपा तिन्ही अॅपांत घालायचं ठरवलं. एका साडीच्या खोक्याचं झाकण उलटं करून त्यावर पेनानं रकाने आखले. टेम्प्लेट. कसं बाहेर पडतं. छाप.

कात्रीवाल्यात टेम्प्लेटं रग्गड. नवरात्राची वेगळी, लग्नाची वेगळी, दुकानाच्या उद्घाटनाची वेगळी. टेम्प्लेट म्हणजे करंजीचा साचा. सारण आपलं, आकार त्याचा. क्लिपा किती आणि प्रत्येक किती वेळ दिसणार, हे साच्यानं आधीच ठरवलेलं. नवरात्राच्या साच्याला बारा क्लिपा लागत होत्या आणि प्रत्येकीला पाऊण सेकंदही मिळत नव्हता. सुलभानं बारा क्लिपा भरल्या. साडी आली, गेली, उलटी झाली, चमकली, तिच्यावर फुलं पडली आणि संपलं. मग एक्सपोर्टचं बटण दाबलं.

एक्सपोर्ट म्हणजे घाण्यातून तेल काढणं. अॅपच्या आत जे दिसतं तो नुसता मांडलेला माल असतो. एक्सपोर्ट केल्यावर त्याची खरी फाइल बनते, जी कुणाला पाठवता येते. आणि अॅपवाले पैशाचं बोलणं नेमकं तिथंच काढतात. तासभर मांडामांड करू देतात, आणि दारातून बाहेर पडताना हात आडवा घालतात. कात्रीवाल्यानं सांगितलं की तुम्ही वापरलेल्या एका अक्षरवळणावर मुकुट आहे, ते पैसेवाल्यांसाठी आहे. सुलभानं मुकुटाचं अक्षर काढून साधं घातलं. मग सांगितलं की फुकटात ७२०, १०८० ला पैसे. आणि खाली उजव्या कोपऱ्यात कात्री आणि नाव, तेही फुकटात निघणार नाही. तिनं तसंच बाहेर काढलं आणि झाकणावर लिहिलं.

जांभळ्यात कामाची टेम्प्लेटं पाच-सहाच. पण चार क्लिपांचं एक होतं, प्रत्येक क्लिप चांगली तीन सेकंद टिकत होती. १०८० फुकट. कोपऱ्यात काही नाही. फक्त शेवटी दोन सेकंद जांभळा पडदा येऊन अॅपचं नाव दिसायचं, आणि ते शेपूट बोटानं निवडून काढून टाकता येत होतं. पहिल्या वेळी सुलभानं ते काढलं नाही, कारण हे सॅम्पल होतं. बाहेर काढल्यावर खाली एक ओळ आली: या आठवड्यात तुमचे दोन एक्सपोर्ट शिल्लक. म्हणजे आठवड्याला तीनच.

हिरव्यात खरंच टेम्प्लेट नव्हतं. एक मोकळी पट्टी. क्लिपा लावा, कापा, जोडा, अक्षरं टाका. छाप नाही, १०८० आहे, कितीही वेळा काढा. फक्त प्रत्येक वेळी बाहेर काढण्याआधी एक जाहिरात बघावी लागत होती. क्लिपा नुसत्या एकापुढे एक लावल्यामुळे ते सॅम्पल शाळेच्या स्नेहसंमेलनाच्या व्हिडिओसारखं दिसत होतं.

"जांभळं," सुलभा म्हणाली. "उद्या सकाळी हिरव्या साडीवर नीट करते. मरून फोनवर काळी दिसते. दोन एक्सपोर्ट आहेत हातात."

अप्पांनी तिन्ही रीलं दोनदोनदा पाहिली. झाकण वाचलं. "हं," म्हणाले.

संध्याकाळी सुलभा माळ्यावर गेली, कारण कुणाच्या तरी लग्नाच्या सहा साड्यांचे फॉल राहिले होते. दुकानाचा फोन गादीजवळ चार्जिंगला होता.

आता अप्पांच्या बाजूनं विचार करायला हवा. कापडाच्या धंद्यात ताग्याच्या एका टोकाला मिलची छाप असते, सोनेरी अक्षरांत. जाणता दुकानदार ते टोक कधी कापत नाही. दुसऱ्या टोकाकडून विकत येतो आणि छाप शेवटपर्यंत राखतो, कारण अळणावरकडचा शेतकरी असो नाहीतर जुन्या हुबळीतला शिंपी, आधी छाप बघतो. छाप नसलेला माल म्हणजे सेकंड. कुठून आला, कुणी केला, पत्ता नाही. अप्पांनी चाळीस वर्षांत छापेविना एक मीटर विकलं नव्हतं. त्यांच्यासमोर तीन व्हिडिओ होते. एकावर ठळक छाप होती, पहिल्यापासून शेवटपर्यंत. एकावर शेवटी पुसटशी, आणि तीही सून काढून टाकणार म्हणत होती. एकावर नव्हतीच. सुनेला धंद्याची हौस आहे पण अनुभव नाही, असं त्यांना मनापासून वाटलं. मेल त्यांना येत नव्हता. व्हॉट्सअॅप येत होतं. पेजचा नंबर मेसेजच्या वरच होता.

गुरुवारी अकरा वाजता पेजचं उत्तर आलं. सुलभानं ते उभ्यानं वाचलं आणि मग गादीच्या कडेला बसली.

"अप्पा, तुम्ही काल काही पाठवलंत?"

"पाठवलं की. तू वर होतीस. म्हटलं, उशीर नको."

"कुठलं?"

"छापेचं."

सुलभानं उत्तर वाचून दाखवलं. मजकूर गोड होता. व्हिडिओवर दुसऱ्या अॅपचं नाव आहे आणि चित्र पुसट आहे, तेव्हा आम्ही घेऊ शकत नाही. आज सहापर्यंत अटींप्रमाणे पाठवलंत तर आनंद, नाहीतर शुक्रवार दुसऱ्या दुकानाला जाईल आणि तुमचा नंबर फेब्रुवारीत लागेल.

"फेब्रुवारीत दसरा नसतो," सुलभा म्हणाली.

"नसतो," अप्पांनी मान्य केलं. मग म्हणाले, "छाप नको म्हणतात? नको?"

"नको म्हणतात."

"मग गिऱ्हाइकाला कळणार कसं माल कुणाचा?"

"माल आपला आहे अप्पा. कात्रीवाल्यानं काय साडी विणली? त्याची छाप म्हणजे शिंप्यानं झग्यावर पाठीवर आपलं नाव लिहिल्यासारखं."

अप्पांनी यावर विचार केला. एका शिंप्यानं खरंच असं केलं होतं आणि त्याचं दुकान बंद पडलं होतं, हे त्यांना आठवत असावं, कारण त्यांनी छापेचा विषय सोडला. "आणि पुसट का?" त्यांनी विचारलं.

"एक तर ते ७२० च होतं. वर व्हॉट्सअॅपनं पाठवलं की चित्र आवळून जातं. म्हणून तर मेल म्हणाले होते."

"मला काय माहीत?"

"तुम्ही विचारायचं की."

"तू वर होतीस."

यातून पुढं काही निघणार नव्हतं. सुलभानं हिरवी साडी काढली. मिरचीच्या देठासारखा हिरवा, आणि आडव्या धाग्यात पिवळा. खणाची खुबी अशी की उभा धागा एका रंगाचा आणि आडवा दुसऱ्या, त्यामुळे कापड हळूच वळवलं की रंग बदलतो, जसं कबुतराच्या मानेवर बदलतो. हिरव्यातून पिवळं निघतं आणि परत हिरव्यात बुडतं. ते बघूनच बाई साडी घेते. सुलभानं चार क्लिपा घेतल्या आणि त्यांत एक अप्पांच्या हातांची होती, कारण पदर उलगडायला तिला दोन हात आणि फोन धरायला तिसरा लागत होता.

जांभळ्यात तिनं त्या चार क्लिपा भरल्या, शेपूट निवडलं, काढलं. नाव-पत्ता लिहिला. मग वाटलं, पत्ता फार खाली आहे, म्हणून टेम्प्लेटात परत जाऊन तो वर घेतला. एक्सपोर्ट दाबलं. फाइल आली. ती लावून पाहिली. हिरवी साडी, पत्ता, आणि शेवटी जांभळा पडदा.

टेम्प्लेटात परत गेल्यावर अॅपनं शेपूट परत चिकटवलं होतं. न विचारता.

"आता एकच," सुलभा म्हणाली.

"आता कापताना दोनदा माप," अप्पा म्हणाले. हे त्यांनी तिला पहिल्या दिवशी कात्री हातात देताना सांगितलं होतं, आणि कात्रीची गोष्ट आज कुणाला आवडणारी नव्हती, हे कळून त्यांनी बिलबुक पुढं ओढलं.

सुलभानं दोनदा मापलं. पत्ता पाहिला, फोन नंबर आकडा आकडा मोठ्यानं वाचला, अप्पांनी तो बिलबुकाशी ताडून पाहिला. शेपूट सगळ्यात शेवटी काढलं आणि त्यानंतर कशालाही बोट लावलं नाही. तिसरा एक्सपोर्ट. फाइल आली. छाप नाही, शेपूट नाही, १०८०. दुपारचे साडेतीन झाले होते.

"दे इकडं," अप्पा म्हणाले.

फोन घेऊन ते दुकानाच्या पायरीवर गेले. रंग बघायचा तर कापड ट्यूबलाइटखाली बघायचं नाही, उन्हात न्यायचं, ही त्यांची रीत. दुसऱ्या हातात त्यांनी साडी नेली. रस्त्यावर उभे राहून एकदा फोन, एकदा साडी असं बघू लागले. मागून एक ऑटोवाला हॉर्न वाजवत होता. ते हलले नाहीत.

"सुलभा, ये बघ."

ती गेली.

"ही कुठली साडी?"

"आपलीच. हिरवी."

"हिरवी ही." त्यांनी हातातली वर धरली. "ही निळी आहे." त्यांनी फोन वर धरला.

सुलभानं पाहिलं. फोनवरची साडी मोरपिसासारखी होती, निळसर, सुंदर, आणि आपल्याकडं नसलेली. टेम्प्लेटमध्ये रंगाचा एक थर होता. तो साच्यासोबतच यायचा आणि फुकटात काढता यायचा नाही. मरून साडीवर तो कळला नव्हता, कारण मरून जरा गडद झाली एवढंच. हिरव्यानं मात्र जात बदलली होती.

"दिसते छान," सुलभा म्हणाली.

"छान दिसते. मागवतील, उघडतील, आणि परत पाठवतील. आणि म्हणतील मिरजकरांनी फसवलं. छाप नको म्हणतात ठीक आहे. पण रंग खोटा पाठवायचा नाही."

चार वाजत आले होते. तिनं स्वातीला फोन लावला.

"वहिनी, पैसे भरा की! एका महिन्याचे भरा, सगळं उघडतं. एक्सपोर्ट पण, रंग पण."

सुलभानं पैशाचं पान उघडलं. तीन दिवस फुकट, मग दर महिन्याला आपोआप, एकदा पिन टाकायचा की पुढं विचारणार नाही. तिनं हे अप्पांना जसंच्या तसं वाचून दाखवलं. तो फोन दुकानाच्या खात्याला जोडलेला होता.

"म्हणजे तो दर महिन्याला येऊन गल्ल्यात हात घालणार?"

"हो."

"आपण बसलेलो असताना?"

"आपण नसलो तरी. बंद करता येतं, पण आपण आठवणीनं बंद करायचं."

"मारुतीला नाही मी गल्ल्यात हात घालू देत," अप्पा म्हणाले. मारुती त्यांचा मुलगा, सुलभाचा नवरा. तो आठवडाभर व्हॅन घेऊन बाजार करत फिरतो. "हा कोण?"

स्वाती फोनवरच होती. "अप्पा, जमाना बदललाय."

"बदलू दे. गल्ला तोच आहे."

फोन ठेवला. सुलभा झाकण पुढं घेऊन बसली. तिन्ही रकाने तिच्याच अक्षरात होते. ती काल ते वाचताना वरून खाली वाचत गेली होती: कुठल्यात किती टेम्प्लेटं. ज्यात जास्त ते श्रीमंत, ज्यात नाहीत ते गरीब. आज तिनं आडवं वाचलं. पेजला काय हवं होतं? छाप नको, १०८०, तीस सेकंद. गिऱ्हाइकाला काय हवं होतं? खरा रंग, आणि तो बदलताना बघायला वेळ. या यादीत टेम्प्लेट कुणीच मागितलं नव्हतं. स्वातीनं मागितलं होतं, आणि ती साड्या घेऊन जाते, विकत घेत नाही.

तिनं हिरवं अॅप उघडलं.

मोकळी पट्टी समोर आली की भीती वाटते. साचा नसला की प्रत्येक गोष्ट आपण ठरवायची. पहिली क्लिप किती वेळ? तिनं अप्पांना साडी उलगडायला सांगितलं आणि तोंडानं मोजलं. एक, दोन, तीन, चार. चवथ्याला पिवळा निघत होता. पाचव्याला परत बुडत होता. मग पाच सेकंद. काठाची क्लिप तीन. पदर सहा, कारण पदराला घाई चालत नाही. शेवटी पूर्ण साडी, तिच्या अंगावर, कारण दुसरं कुणी नव्हतं. ती क्लिप अप्पांनी घेतली. तीनदा बोट आलं, चौथ्यांदा आली.

"हस की," अप्पा म्हणाले.

"पावणेपाच झाले."

"मग पावणेपाचाचं हस."

तिनं क्लिपा लावल्या, डोकं आणि शेपूट कापलं, दुकानाचं नाव आणि नंबर साध्या अक्षरांत टाकला. गाण्याऐवजी क्लिपांतला आवाजच ठेवला. त्यात कापडाचा सळसळ आवाज होता आणि मधे अप्पा कुणाला तरी कन्नडमध्ये "निल्रि, निल्रि" म्हणत होते, थांबा थांबा. ते तिनं तसंच राहू दिलं, कारण कापायला गेलं तर पिवळा रंगही कापला जात होता.

सव्वापाचला एक्सपोर्ट दाबलं. जाहिरात आली. कुठल्याशा खेळाची, त्यात एक राजा चिखलात अडकला होता. सासरा आणि सून दोघांनी राजा सुटेपर्यंत पाहिलं. फाइल आली. अप्पांनी फोन पायरीवर नेला, साडी शेजारी धरली. या वेळी ऑटोवाल्यानं हॉर्न वाजवला नाही, तोही बघत होता.

"यावुदु हसरु?" अप्पांनी त्यालाच विचारलं, यातला हिरवा कुठला.

"एरडू ओंदे, अप्पा." दोन्ही एकच.

नंबर चुकला होता. शेवटून दुसरा आकडा. हे सुलभाच्या लक्षात पाच पस्तीसला आलं. तिनं आकडा बदलला, परत एक्सपोर्ट दाबलं, परत जाहिरात पाहिली. या वेळी राजा सुटला नाही. पाच वाजून एक्कावन्न मिनिटांनी मेल गेला.

शुक्रवारी सकाळी पेजवर रील आलं. पेजवाल्यांनी वरच्या कोपऱ्यात स्वतःचं नाव टाकलं होतं, चांगलं ठळक, पहिल्यापासून शेवटपर्यंत. अप्पांनी ते पाहिलं. चष्मा पुसला.

फोन दहा वाजता वाजायला लागला. बेंगळूर, म्हैसूर, बेळगाव, पुणे. एका बाईनं विचारलं की "निल्रि" म्हणणारे आजोबा कोण. बाकीच्यांनी विचारलं हिरवी आहे का. शनिवारी दुपारपर्यंत कपाटातल्या अकराही हिरव्या गेल्या. मरून तीन गेल्या, जांभळट एक. बाकी तशाच राहिल्या. सुलभानं सगळ्यांना दाखवायचा प्रयत्न केला, पण लोकांना जे पाहिलं तेच हवं होतं. रंग खरा दाखवला की हे असं होतं, तो खराच मागतात.

सोमवारी गुरुराज आला. गणवेशाच्या कापडाचा एजंट, दावणगेरेचा, वागायला अतिशय मऊ. दर सोमवारी येऊन तो कपाटाकडं बघायचा आणि उसासा टाकायचा. आज त्यानं आपल्यासोबत तीन तागे आणले होते.

"येन अप्पा, काय म्हणता," तो बसत म्हणाला, "रील बघितलं हं मी. छान, छान. पण अप्पा, माल बघितला तर कपाट अजून भरल्यासारखंच की. चाळीस-बेचाळीस असतील. दसरा दोन आठवड्यांवर. शाळावाले माझ्या मागं लागलेत."

सुलभा गादीवर होती. साड्या तिनं मोजल्या होत्या. सदतीस. अप्पांनी मुदत घातली होती आणि मुदत अप्पांचीच होती. ती हातातल्या कात्रीचा दोरा गुंडाळत राहिली.

अप्पा फोनवर होते. गुळेदगुड्डच्या विणकराशी कन्नडमध्ये चालू होतं. हिरवा हवा होता, तोच, धागा तोच, पंचवीस नग, शुक्रवारच्या आत. नाही, निळसर नको. उन्हात बघून पाठवा. मग त्यांनी फोनवर हात ठेवून सुलभाकडं पाहिलं.

"या शुक्रवारी आपलं रील आपल्या पेजवर टाकायचं ना? कुठला रंग दाखवतेस?"

सुलभानं दोरा सोडला. "वांगी. मागं बारा पडून आहेत."

"वांगी, तो आत्ता नको," अप्पा फोनमध्ये म्हणाले. "आधी असलेल्या विकतो."

गुरुराज ताग्यांकडं बोट करून म्हणाला, "अप्पा, हे कुठं ठेवू?"

"कपाट तिचं आहे," अप्पा म्हणाले, आणि परत फोनला लागले. "तिला विचार."

गुरुराजनं सुलभाकडं पाहिलं. तीन महिन्यांत पहिल्यांदा पाहिलं असावं, कारण त्याला नमस्कार करायचा राहिल्याचं आठवलं, तो केला.

"अक्का, कुठं ठेवू?"

"बाकाखाली जागा आहे, अण्णा," सुलभा म्हणाली. "छापेचं टोक बाहेर राहू दे."

गुरुराज वाकला आणि तागे एकेक करून बाकाखाली सरकवू लागला.